झिऱ्याचं वय

लिबियाच्या वाळवंटात जालो नावाचं एक गाव आहे. खजुरीची झाडं, मचूळ पाण्याच्या विहिरी आणि व्यापाऱ्यांची घरं, एवढाच त्याचा पसारा. जालोहून दक्षिणेला निघालं की थोड्याच अंतरावर बुत्ताफलची विहीर लागते. तांडे तिथे थांबायचे, उंटांना पोटभर पाजायचे, पखाली भरायचे आणि पुढे निघायचे. कारण त्यापुढे साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पाण्याचा थेंब नाही. ना झाड, ना ओढा, ना खूण म्हणून एखादा डोंगर. दिवसाला चाळीस किलोमीटर चाल धरली, तर नऊ-दहा दिवसांचा हा प्रवास. त्याच्या शेवटी झिगेन नावाची जागा येते. गाव नाही, घर नाही. वाळूत जरासा सखल भाग, त्यात काही झुडपं आणि चार-दोन विहिरींची ठिकाणं.

१९२३ सालच्या मार्च महिन्यात अहमद हसनैन बे या इजिप्शियन प्रवाशाचा तांडा याच वाटेनं चालला होता. हसनैन ऑक्सफर्डला शिकलेले, तलवारबाजीत ऑलिंपिकपर्यंत गेलेले, आणि घराणं कैरोतल्या अल-अझहरच्या विद्वानांचं. त्या वर्षी जानेवारीत ते भूमध्य समुद्राकाठच्या सल्लूमहून निघाले आणि जूनमध्ये सुदानातल्या अल फाशेरला पोचले. हजारो किलोमीटरची ही वाट त्यांनी उंटांच्या सोबतीनं तुडवली. वाटेत त्यांना अर्केनू आणि उवेनात हे दोन डोंगर सापडले. दोन्हींच्या पोटात पाणी होतं आणि दोन्ही तोवर कुठल्याच नकाशावर नेमके दाखवलेले नव्हते. पुढे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘हरवलेले ओअॅसिस’ अशा अर्थाचं आहे.

या प्रवासाकडे बहुतेक जण साहस म्हणून पाहतात, आणि तो साहसी होताच. मला मात्र तो पाण्याच्या अंगानं वाचायला आवडतो. एकाच तांड्यानं एकाच प्रवासात दोन अगदी वेगळ्या जातींचं पाणी प्यायलं. झिगेनचं आणि कुफ्राचं पाणी एक, उवेनातचं दुसरं. दोन्ही ठिकाणांना आपण ओअॅसिस म्हणतो, शाळेच्या पुस्तकात मरूद्यान म्हणतो. पण जमिनीखाली त्यांचं नातं नाही.

आधी त्या दहा दिवसांचा हिशेब मांडून पाहू. समजा तांड्यात वीस माणसं आहेत. पिणं, चहा आणि रात्रीचं अन्न शिजवणं मिळून माणशी पाच लिटर धरलं, तरी रोजचं शंभर लिटर झालं. दहा दिवसांचं हजार लिटर. मेंढीच्या किंवा शेळीच्या कातड्याच्या पखालीला तिथे गिर्बा म्हणतात. एका गिर्ब्यात वीस-पंचवीस लिटर मावतं, म्हणजे किमान चाळीस-पन्नास पखाली झाल्या. पण कातडं पाझरतं. त्या पाझरामुळेच आतलं पाणी गार राहतं, आणि त्या पाझरामुळेच ते रोज थोडं थोडं कमी होतं. एखाद्या पखालीची शिवण उसवते, एखादी उंटानं बसताना फुटते. म्हणून पाव हिस्सा जास्तीचं घ्यावं लागतं. एका उंटावर चार पखाली धरल्या तर तेरा ते सोळा उंट निव्वळ पाण्याचे झाले. उंटांना स्वतःला यातलं काहीच मिळत नाही. ते बुत्ताफलला एकदा प्यायलेले असतात, पुन्हा झिगेनला पिणार. तहानलेला उंट पाण्यावर आला की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी ओढू शकतो. त्यामुळे ज्या विहिरीवर पोचायचं तिला पाणी असून भागत नाही, ते पटापट झिरपून वर यायलाही हवं.

आणि विहीर आधी सापडायला हवी. साडेतीनशे किलोमीटर चालताना वाटाड्याची दिशा नुसती पाच अंशांनी चुकली, तर तांडा शेवटी मुक्कामापासून तीस किलोमीटर बाजूला जातो. झिगेनची झुडपं काही किलोमीटरवरूनच दिसतात, त्यापलीकडून नाही. म्हणून वाटाडे रात्री चालणं पसंत करत, ताऱ्यावर नजर ठेवता येते. हसनैन दोन वर्षांपूर्वी रोझिटा फोर्ब्ज या इंग्रज बाईंबरोबर कुफ्राला गेले होते. तेव्हा वाटाड्याचा अंदाज चुकला होता आणि पाणी संपत आलं होतं. त्यामुळे १९२३ मध्ये त्या वाटेवर ते काय मोजत असतील, हे वेगळं सांगायला नको.

झिगेनसारख्या जागी पोचल्यावर काय दिसतं? आपल्या डोळ्यांपुढे ओअॅसिस म्हटलं की निळं तळं आणि भोवती झुकलेल्या खजुरी येतात. इथे तसलं काही नसतं. अशा जागेला बेदूइन हतिया म्हणतात. झुडपं आहेत, म्हणजे मुळांना ओल मिळते आहे, पण वर पाणी नाही. मागचा तांडा येऊन गेल्यावर वाऱ्यानं विहीर वाळूनं भरून टाकलेली असते. माणसं खाली बसतात आणि उकरायला लागतात. वरची वाळू कोरडी, फिकट आणि हातातून निसटणारी. थोडं खाली गेलं की तिचा रंग गडद होतो आणि ती मुठीत धरून राहते. आणखी खाली गेलं की ती थंड लागते, मग खड्ड्याच्या कडा ढासळायला लागतात आणि तळाशी गढूळ पाणी जमतं. ते पहिलं पाणी उपसून टाकायचं आणि थांबायचं. पुन्हा जमतं ते जरा निवळ असतं.

मराठवाड्यात किंवा माणदेशात उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या पात्रात झिरा उकरणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वर्णन नवं नाही. वाटीनं पाणी घ्यायचं, हंड्यात ओतायचं, पुन्हा पाझरायची वाट पाहायची. झिगेनची विहीर म्हणजे वाळवंटातला झिराच. फरक एवढाच की आपल्या झिऱ्यातलं पाणी गेल्या पावसाळ्याचं असतं. झिगेनपासून पुढे दोनेकशे किलोमीटरवर असलेल्या कुफ्रात वर्षाला सरासरी दोन-तीन मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कित्येक वर्षं काहीच पडत नाही. मग तिथला झिरा कुणाच्या पावसावर भरतो?

कुफ्राच्या लोकांना आणि तिथे येणाऱ्या तांड्यांना हे कोडं पडलेलंच होतं. एप्रिलच्या सुरुवातीला हसनैन तिथे पोचले तेव्हा कुफ्रा सेनुसी पंथाचं ठाणं होतं. वर कड्यावर ताज, खाली खोलगटात जोफ हे गाव, खजुरीच्या बागा आणि मिठाची तळी. तळ्याचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं, आणि तळ्यापासून थोड्याच अंतरावर खणलेल्या विहिरीला गोडं पाणी. यात चमत्कार नाही. जमिनीतलं पाणी खोलगटात वर येतं, तिथून त्याला वाहून जायला वाट नसते, उन्हानं वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं. हजारो वर्षं हे चालू राहिलं की तळं खारं होतं. विहीर मात्र उन्हाची झळ लागण्याआधीचं पाणी देते.

या पाण्याबद्दलचा सर्वसाधारण समज असा की वाळवंटाखालून एखादी नदी वाहते. तशी नदी नाही. आहे तो वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण दाबून तयार झालेला खडक. भूगर्भतज्ज्ञ त्याला नुबियन वालुकाश्म म्हणतात. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांच्या खाली तो पसरला आहे, वीस लाख चौरस किलोमीटरहून जास्त, आणि कुफ्राच्या खोऱ्यात त्याची जाडी काही किलोमीटर आहे. या खडकाच्या कणाकणांमध्ये पोकळी असते. चांगल्या वालुकाश्माच्या एक घनमीटर ठोकळ्यात दोनशे लिटरपर्यंत पाणी राहू शकतं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात असं होत नाही. इथे पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात राहतं, घनमीटरला वीस-तीस लिटरही खूप झालं. म्हणून आपली विहीर एका पावसाळ्यात भरते आणि एका उन्हाळ्यात आटते. नुबियन वालुकाश्म भरायला फार काळ लागतो आणि भरला की रिकामा व्हायलाही फार काळ लागतो.

आता ओअॅसिस नेमका कुठे होतो, हे समजून घेणं सोपं आहे. खडकातल्या पाण्याला एक पातळी असते, विहिरीत दिसते तीच. वरची जमीन जिथे उंच आहे, तिथे हे पाणी शे-दोनशे मीटर खाली असतं आणि तांड्याला त्याचा काही उपयोग नसतो. पण वाळवंटात वारा हा मोठा खोदकाम करणारा आहे. सुटी झालेली माती-वाळू तो वर्षानुवर्षं उचलून नेतो आणि जमीन खोलगट करत जातो. खोदता खोदता पाण्याची पातळी जवळ आली की वाळू ओली होते, ओली वाळू वाऱ्याला उचलत नाही आणि खोदकाम थांबतं. जमीन जणू स्वतःच पाण्यापर्यंत उतरून येते. म्हणून लिबियाच्या आणि इजिप्तच्या वाळवंटातले बहुतेक ओअॅसिस खळग्यांत आहेत. सिवा तर समुद्रसपाटीच्याही सुमारे अठरा मीटर खाली आहे.

हे सगळं एका नकाशावर मांडलं जॉन बॉल यांनी. ते इजिप्तच्या वाळवंट सर्वेक्षणाचे प्रमुख होते. हसनैन यांनी प्रवासात थिओडोलाइटनं ताऱ्यांची निरीक्षणं घेतली होती आणि वायुभारमापकानं जागोजागची उंची टिपली होती. त्यांच्या नोंदी कैरोला आल्यावर बॉल यांनीच त्यांची गणितं केली. अशा प्रवाशांच्या आणि सर्वेक्षकांच्या नोंदींतून बॉल यांना प्रत्येक विहिरीच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढता आली. १९२७ साली त्यांनी हे आकडे जोडून नकाशा प्रसिद्ध केला. त्यात विहिरी एकमेकींपासून सुट्या दिसत नव्हत्या. सगळ्या विहिरींचं पाणी एकाच तिरक्या पातळीवर होतं. नैर्ऋत्येला, चाडच्या बाजूला ती पातळी उंच, आणि ईशान्येला, सिवा आणि कत्ताराच्या खळग्याकडे उतरत गेलेली. कुफ्रा समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर आहे, सिवा समुद्राखाली. दोहोंत साधारण सहाशे किलोमीटरचं अंतर. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, एकमेकांना न पाहिलेल्या गावांच्या विहिरी एकाच उतारावर बसवलेल्या निघाल्या. एका उंटवाल्या प्रवाशाच्या वहीतले उंचीचे आकडे यासाठी कामाला आले, हे मला त्या प्रवासाचं सगळ्यात मोठं फळ वाटतं.

उतार आहे म्हणजे पाणी वाहतं आहे, हे उघड. बॉल यांचा निष्कर्ष असा होता की दक्षिणेला चाडच्या डोंगराळ भागात पाऊस पडतो, तो वालुकाश्मात मुरतो आणि हळूहळू उत्तरेला येतो. त्या काळच्या माहितीवर हा निष्कर्ष योग्यच होता. पण किती हळू, हा प्रश्न उरला. वालुकाश्मातून पाणी वर्षाला साधारण मीटर-दोन मीटर सरकतं. चाडमधल्या एनेदी डोंगरापासून कुफ्रा सुमारे आठशे किलोमीटर, म्हणजे आठ लाख मीटर. वर्षाला एक मीटर धरला तर तिथल्या पावसाला कुफ्राच्या विहिरीत यायला आठ लाख वर्षं लागतील. दोन मीटर धरला तरी चार लाख. पाहुणा येईपर्यंत घर कोण चालवतंय?

याचं उत्तर हसनैन यांच्या प्रवासाच्या पुढच्या टप्प्यात, उवेनातच्या कातळावर होतं.

कुफ्राहून दक्षिणेला चाडकडे जाणारी वाट तांड्यांच्या रोजच्या वहिवाटीची होती. हसनैन यांनी ती सोडली आणि आग्नेयेकडे वळले. तिकडे पाणी असलेले दोन डोंगर आहेत, अशी ऐकीव माहिती होती. एप्रिल संपत आलेला, दिवसा चालणं अशक्य, म्हणून रात्रीचा प्रवास. आधी अर्केनू लागला, मग आणखी चाळीसेक किलोमीटरवर उवेनात. कुफ्रापासून उवेनात सुमारे तीनशे किलोमीटर. सपाट वाळवंटातून एकदम उभा राहिलेला हा डोंगर १९३४ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातल्या कळसूबाईपेक्षा उंच.

अर्केनूच्या दरीत गवत होतं, झाडं होती. तिथली एक रीत हसनैन यांनी नोंदवली आहे. त्या भागातले लोक आपले उंट दरीत सोडत, दरीचं तोंड दगडांनी बंद करत आणि तीन महिन्यांनी येऊन उघडत. तोवर उंट आत चरत, पाणी पीत आणि धष्टपुष्ट होत. राखणीला कुणी नाही. बाहेर पडायला वाट नाही आणि चोराला इतक्या लांब यायची ताकद नाही. उवेनातला तर माणसंच होती, गोरान जमातीची सुमारे दीडशे, आणि हेरी नावाचा त्यांचा प्रमुख.

उवेनातच्या पाण्याला तिथले लोक ऐन म्हणत. ऐन म्हणजे झरा. पण हसनैन यांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे झरे नाहीत. प्रचंड शिळांच्या खाली, सावलीत, कातळाच्या खोबणीत पावसाचं पाणी साठून राहिलेलं आहे. शिवनेरीवर किंवा रायगडावर आपण कातळातली टाकी पाहतो, तशीच ही निसर्गानं केलेली टाकी. डोंगर उंच असल्यामुळे कधीतरी, काही वर्षांतून एकदा, ढग तिथे अडतो आणि पाऊस कोसळतो. कडकडीत कातळावरून पाणी घरंगळत येऊन खोबणीत भरतं, आणि सावलीमुळे बरेच दिवस टिकतं. खाली मुरायला वालुकाश्माचा जाड थर तिथे नाही, कारण उवेनातचा बराच भाग ग्रॅनाइटचा आहे. कुफ्राच्या पाण्याशी या पाण्याचा काडीचा संबंध नाही.

दोन पाण्यांतला फरक प्रवाशाला ओळखता येतो तो असा. कुफ्राच्या विहिरीची पातळी पाऊस न पडता वर्षानुवर्षं तीच राहते, तांड्यानं कितीही उपसलं तरी रात्रभरात पूर्ववत होते. टाक्यातलं पाणी मात्र दर महिन्याला खाली जातं आणि कातळावर त्याच्या जुन्या पातळीच्या रेघा उमटलेल्या दिसतात. हतियाची झुडपं खोल मुळांची आणि वर्षानुवर्षं जगणारी असतात. डोंगरातलं गवत पाऊस झाला की उगवतं, नाहीतर नसतं.

उवेनातच्या मुक्कामात हसनैन यांना कातळावर कोरलेली चित्रं दाखवण्यात आली. सिंह, जिराफ, शहामृग, हरणं आणि गाई. ही जिनांनी काढली, असं स्थानिक लोक समजत. हसनैन चित्रं पाहत फिरले आणि त्यांना एक गोष्ट खटकली. उंट कुठेच नव्हता. वाळवंटात राहणारा माणूस चित्र काढायला बसला आणि उंट काढायला विसरला, हे शक्यच नाही. म्हणजे ज्या लोकांनी ही चित्रं काढली, त्यांना उंट माहीतच नव्हता. आणि जिथे गाई आणि जिराफ आहेत तिथे गवत असणार, झाडं असणार, दर वर्षी येणारा पाऊस असणार.

आज आपल्याला ठाऊक आहे की साधारण अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात सहारात मान्सूनचा पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेपर्यंत येत होता. तळी होती, नद्या होत्या, गुराखी होते. त्याआधीही लाखो वर्षांत असे ओले काळ येऊन गेले आणि मध्ये कोरडे काळ गेले. कुफ्राचं पाणी हे या ओल्या काळांत, बव्हंशी तिथल्या तिथेच पडलेल्या पावसाचं आहे. पाणी लांबून चालत येण्याची गरजच नव्हती. वरून पाऊस पडला, वाळूत मुरला, खडक काठोकाठ भरला. मग पाऊस थांबला, आणि तेव्हापासून ते साठवलेलं पाणी उताराच्या दिशेनं हळूहळू ओसरत आहे. कातळावरच्या गाईंच्या काळातला पाऊस हा या साठ्याचा सगळ्यात वरचा, सगळ्यात ताजा थर.

हे नुसत्या तर्कानं ठरलेलं नाही. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड अणूंचं प्रमाण मोजलं की पाऊस कोणत्या हवामानात पडला याचा सुगावा लागतो, आणि या पाण्यातलं प्रमाण आजच्या पावसापेक्षा वेगळं, थंड काळातलं निघालं. पाण्यात विरघळलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काही दहा हजार वर्षांपर्यंतचं वय कळतं. त्यापुढे कार्बन उपयोगी पडत नाही, कारण तो जवळजवळ संपलेला असतो. म्हणून संशोधकांनी क्रिप्टॉन वायूचा एक दुर्मीळ किरणोत्सारी प्रकार वापरला, जो निम्मा व्हायला दोन लाखांहून जास्त वर्षं लागतात. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या ओअॅसिसांच्या विहिरींतून हजारो लिटर पाणी घेऊन त्यातला वायू वेगळा काढावा लागला, इतका तो विरळ असतो. २००४ साली निकाल प्रसिद्ध झाला. पाण्याचं वय दोन लाख ते दहा लाख वर्षं निघालं.

दोन पाण्यांची कसोटी १९३१ साली फार कठोरपणे लागली. त्या वर्षी जानेवारीत इटलीच्या फौजेनं कुफ्रा जिंकून घेतलं. तिथली माणसं बायकापोरांसह जीव घेऊन पळाली. काही उवेनातला पोचली. तिथे पाणी होतं, पण डोंगरातलं टाकं दीडशे गुराख्यांना पुरतं, शेकडो निर्वासितांना आणि त्यांच्या जनावरांना नाही. खायला तर काहीच नव्हतं. मग त्यातले कित्येक जण ईशान्येला इजिप्तच्या दाखला ओअॅसिसकडे निघाले. साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये एकही विहीर नाही. वाटेत बरेच जण तहानेनं मेले. सर्वेक्षणासाठी त्या भागात मोटारीनं फिरत असलेल्या पॅट क्लेटन यांना ही माणसं सापडली आणि त्यांनी काहींना वाचवलं. जे दाखलापर्यंत चालत पोचले त्यांनी तिथे जे पाणी प्यायलं, ते त्याच नुबियन वालुकाश्मातलं होतं ज्यातलं ते कुफ्रात पीत होते. त्यांच्या पायाखाली वाटेतही ते पाणी होतंच. पण वाऱ्यानं तिथली जमीन पुरेशी खोदलेली नव्हती.

यंत्रांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. १९६०च्या दशकात लिबियात तेल शोधताना केलेल्या खोल छिद्रांतून कुफ्राखालचा साठा किती मोठा आहे हे कळलं. १९७०च्या दशकात तिथे गोल शेतं उभी राहिली. मध्ये खोल विहीर आणि तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा पाण्याचा लांब नळ. उपग्रहाच्या छायाचित्रांत ती पिवळ्या वाळूवर ठेवलेल्या हिरव्या नाण्यांसारखी दिसतात. मग मोठ्या मानवनिर्मित नदीचा प्रकल्प आला. त्याचा पहिला टप्पा १९९१ साली सुरू झाला. सरीर आणि ताझिरबू इथल्या विहिरींतलं पाणी चार मीटर व्यासाच्या जमिनीखालच्या नळांतून समुद्रकाठच्या बेनगाझीला नेलं. ताझिरबू म्हणजे जुन्या तांड्यांचं तैझेर्बो, झिगेन चुकलं तर जिथे पोचायची आशा असे ती जागा.

उपशाचे परिणाम लपून राहत नाहीत. इजिप्तमध्ये खर्गा आणि दाखला इथे पाणी एकेकाळी स्वतःच्या दाबानं जमिनीवर उसळायचं. १९६०नंतर तिथे शेकडो खोल विहिरी झाल्या आणि दाब उतरत गेला. आधी उसळी कमी झाली, मग पाणी विहिरीच्या तोंडापर्यंत येईनासं झालं, मग पंप बसवावे लागले आणि ते दर काही वर्षांनी आणखी खाली सोडावे लागले. कुफ्रातही उथळ विहिरींची पातळी खाली गेली. असं झालं की आधी फटका बसतो तो खजुरीला आणि हातानं खणलेल्या विहिरीवर जगणाऱ्या लहान शेतकऱ्याला. फेज्जानच्या ओअॅसिसांत पूर्वी जनावराच्या ताकदीनं कातड्याची बादली ओढून बागा भिजवत. उतरत्या धावेवर जनावर चालवायचं, वर आलेली बादली सोंडेतून थारोळ्यात ओतायची. आपल्या मोटेचंच भावंड. मोटेचा उपसा जनावर थकेल तेवढाच. ती कधी पातळी ओढून नेऊ शकत नव्हती.

सगळा साठा संपत आला आहे, असं म्हणणं मात्र चूक ठरेल. नुबियन वालुकाश्मात सुमारे दीड लाख घन किलोमीटर पाणी असावं असा अंदाज आहे, आणि त्यापुढे आजचा उपसा थोडा आहे. अडचण वेगळी आहे. पाणी वर्षाला मीटरभर सरकतं, त्यामुळे जिथे उपसा होतो तिथे खड्डा पडतो आणि बाजूचं पाणी तो खड्डा लवकर भरून काढू शकत नाही. शेजारच्या देशात भरपूर साठा असून या गावाची विहीर कोरडी पडते. चारही देशांनी मिळून २०१३ साली व्हिएन्नात या साठ्याच्या वापराबद्दल एक कृती आराखडा मान्य केला. पण त्यात कितीही काटेकोर वाटण्या केल्या तरी नवं पाणी येणार नाही. पाऊस पाच हजार वर्षांपूर्वी थांबला आहे.

उवेनातला आज वस्ती नाही. हेरीचे लोक केव्हाच निघून गेले. या डोंगरावर लिबिया, इजिप्त आणि सुदान यांच्या सरहद्दी एकत्र येतात. कातळावरच्या गाई जागच्या जागी आहेत. काही वर्षांतून एकदा ढग अडतो, दरीत लोंढा येतो, आणि शिळांखालची टाकी पुन्हा भरतात.